गॅसचा वास आला की एक्झॉस्ट लावायचा का?

"गॅसचा वास आला की आधी एक्झॉस्ट फॅन लावा, गॅस बाहेर खेचला जातो."

आई-बाबा, नका लावू. रात्री अंधारात बटण दाबताना आत कधीकधी बारीक निळी ठिणगी दिसते ना, साठलेल्या गॅसला तेवढी पुरते, आणि बटण बंद करतानाही ती पडते, म्हणून लाइट चालू असेल तर चालूच राहू दे, बंद असेल तर बंद. शिवाय सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो फरशीलगत ओट्याखाली साठतो आणि फॅन असतो वर छताजवळ.

मग करायचं काय, तर शेगडीची बटणं आणि रेग्युलेटर बंद, देवापुढचा दिवा लागलेला असेल तर विझवायचा, नसेल तर लावायचा नाही, दारं-खिडक्या सताड उघडायच्या आणि बाहेर पडायचं. वास खूप असेल तर रेग्युलेटरपाशीही जाऊ नका, सरळ बाहेर. फोन बाहेरूनच, १९०६ वर. शेजाऱ्यांची बेलही वाजवू नका, दार ठोका.

वास पूर्ण गेल्यावर नळीला साबणाचं पाणी लावून बघा, बुडबुडे आले तर गळती तिथेच. काडी पेटवून कधीच बघू नका. आणि बाबा, वयानुसार नाक मंदावतं, तुम्हाला नाही आला पण आईला आला तर तिचंच खरं धरा.