पार्श्वभूमी : मिरजेतला उपदेश आणि मलाखीचे अर्धे वचन

मिरजेतल्या एका मंडळीत पाळकांनी रविवारच्या उपदेशात सांगितले, की नवऱ्याचा मार सोसणे म्हणजे वधस्तंभ उचलणे नव्हे. ती देवाची इच्छाच नाही. शेवटी त्यांनी महिला हेल्पलाइनचा 181 हा क्रमांक दोनदा वाचून दाखवला. चिठ्ठी वाटली असती तर ती पर्समध्ये नवऱ्याला सापडली असती. क्रमांकाबद्दल कुणी काही बोलले नाही, वाद पेटला तो बायबलच्या जुन्या करारातल्या मलाखी 2:16 या वचनावरून.

देवाला सूटपत्राचा, म्हणजे घटस्फोटाचा, तिटकारा आहे, एवढेच वाचून थांबायची सवय जुनी. त्याच वचनात पुढे वस्त्राला जुलमाने झाकणाऱ्याचाही तिटकारा आहे, तो भाग मंडळीच्या वडीलजनांच्या बैठकीत कधी वाचलाच जात नसे. मूळ हिब्रू वाक्यही गुंतागुंतीचे आहे. काही अलीकडची भाषांतरे त्यातला तिटकारा देवाचा न मानता बायकोला टाकणाऱ्या पुरुषाचा मानतात. कसेही वाचले तरी बोलणे पुरुषांशी चालले आहे. सूटपत्र द्यायचा हक्क तेव्हा त्यांचाच होता आणि दोन ओळी आधी तरुणपणीच्या बायकोशी केलेल्या विश्वासघाताचा जाब विचारला आहे. टाकलेल्या बाईच्या बाजूचे वचन मार खाणाऱ्या बाईला घरात कोंडायला वापरले गेले, हे पाळकांचे म्हणणे मला बिनतोड वाटते.

कायद्यानेही या अर्ध्या वाचनाला बळ दिले. 1869 च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढे एकच कारण पुरे होते. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षे टाकून दिल्याचेही सिद्ध करावे लागे. नुसत्या मारहाणीवर वेगळे राहण्याचा हुकूम मिळे, घटस्फोट नाही. 1997 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ही अट मोडली आणि 2001 च्या दुरुस्तीने क्रूरता हे स्वतंत्र कारण झाले.

2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने प्रश्नच बदलला. बाईने घर सोडावे की नाही, यावर मंडळीत खल चालायचा. आता न्यायालय नवऱ्यालाच घराबाहेर राहायला सांगू शकते. तिने संरक्षण अधिकाऱ्याकडे जायचे, तो घटनेचा अहवाल लिहून दंडाधिकाऱ्यांकडे पाठवतो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत अपेक्षित आहे. प्रत्यक्षात तारखा लांबतात. तोवर छप्पर हवे असेल तर सरकारच्या सखी केंद्रात पाच दिवसांपर्यंत राहता येते.

उपदेशातला बोचरा भाग बैठकीबद्दल होता. नवऱ्याला बोलावून समज दिली की तो वडीलजनांसमोर रडतो आणि त्या रात्री घरी मार वाढतो. बायको त्याच्या शेजारी बसून ‘आता सगळं बरं आहे’ म्हणते, तो समेट धरला जातो. म्हणून आता तिला आधी एकटीला विचारायचे ठरले आहे. विचारणार कोण, यावर अजून एकमत नाही. बैठकीत बाई एकही नाही.