गुरे-शेळ्यांचे तापमान, नाडी व श्वास

सावलीत शांत उभ्या मोठ्या गाईचे तापमान १००.५ ते १०२.८ अंश फॅरनहाइट असते. नाडी मिनिटाला ५० ते ८० आणि श्वास १५ ते ३० पडतात. शेळी-मेंढीचे तापमान १०१.५ ते १०३.५, नाडी ७० ते ९० आणि श्वास १२ ते ३०. म्हणजे १०३ हा आकडा शेळीला नेहमीचा, पण गाईला जास्त. वासरे-करडांचे तिन्ही आकडे थोडे चढे असतात.

मोजणीची सुरुवात श्वासापासून करावी, कारण हात लावला की जनावर बिचकते आणि श्वास वाढतो. चार पावलांवर, मागून जरा बाजूला उभे राहून कुशीची हालचाल पाहावी. कूस वर येऊन खाली गेली की एक श्वास. पूर्ण मिनिट मोजावे. मग नाडी. गाईच्या शेपटीच्या खालच्या बाजूस, मुळापासून चार-पाच बोटे खाली मधोमध शीर लागते. तिथे अंगठा न लावता दोन बोटे हलकेच टेकावीत, कारण अंगठ्याला आपलीच नाडी जाणवते. शेळी-मेंढीची नाडी मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला सापडते.

तापमान शेवटी. माणसाचा डिजिटल थर्मामीटर चालतो, मात्र तो जनावरांसाठी वेगळा ठेवावा. त्याला दोरा बांधून दोऱ्याचा चिमटा शेपटीच्या केसांना लावावा, म्हणजे तो आत ओढला गेला तरी हाती येतो. टोकाला खोबरेल लावून तो गुदद्वारात दोन-तीन इंच सरकवावा आणि किंचित तिरका करून आतल्या भिंतीला टेकवावा. करडाला इंचभर पुरे. टोक शेणाच्या गोळ्यात रुतले, तर शेणाचेच तापमान दिसते आणि आकडा कमी येतो. शंका आली तर जनावराने शेण टाकल्यावर थोड्या वेळाने पुन्हा मोजावे.

कोकणपट्टीत सर्वांत जास्त फसगत एप्रिल-मेच्या दुपारी होते. हवा दमट असल्याने घाम आणि श्वासावाटे उष्णता नीट बाहेर पडत नाही. समजा, पत्र्याच्या गोठ्यातील संकरित गाय दुपारी तीनला १०३.४ दाखवते, श्वास ६० आहेत, तोंडाला लाळ आहे. तिला आंब्याखाली वाऱ्याला बांधून पाणी पाजावे, अंगावर पाणी ओतावे आणि तासा-दीड तासाने पुन्हा मोजावे. आकडा १०२ च्या खाली आणि श्वास तिशीवर आले, तर तो उन्हाचा त्रास होता. पण पहाटे गारव्यातही १०४ निघाले, चारा सोडला असेल, तर तो ताप. अंगावर गोचीड असतील आणि लघवी कॉफीसारखी लाल-तपकिरी असेल, तर डॉक्टरांना त्याच सकाळी बोलवावे; गोचीडतापात रक्त झपाट्याने कमी होते.

नुकत्याच व्यालेल्या दुभत्या गाईचे कान गार पडून ती उठत नसेल आणि तापमान १०० च्या खाली असेल, तर तो बहुधा कॅल्शियम कमी पडल्याचा आजार असतो. तिला तोंडाने औषध पाजू नये. गिळता न आल्याने ते फुप्फुसात जाऊ शकते.