पोटात कालवतं तेव्हा

मागच्या पावसाळ्यात माझ्या मावसबहिणीचा सात वर्षांचा मुलगा सायकलवरून पडला. गुडघा सोलवटला होता, रक्त येत होतं. तो रडत घरात आला तेव्हा ताई नुकतीच नाइट ड्यूटी करून टेकली होती. जागेवरून न उठताच ती म्हणाली, “एवढ्याशा खरचटण्याला काय गळा काढतोस? माझ्या वॉर्डात येऊन बघ एकदा.” मग स्वतःच्याच आवाजाने ती दचकली. संध्याकाळी मला फोन केला. “मला काहीच वाटलं नाही गं. माझं पोर रडत होतं आणि मला नुसता त्या आवाजाचा वैताग आला.”

ताई बर्न्स वॉर्डात सिस्टर आहे. त्या महिन्यात तिच्याकडे सहा वर्षांचा एक मुलगा होता. अंघोळीच्या कढत पाण्याची बादली अंगावर ओढली गेल्याने त्याची छाती आणि डावा हात भाजला होता. एक दिवसाआड ड्रेसिंग. चिकटलेलं गॉज सलाइनने भिजवायचं, सुटेल तसं सोडवायचं, जखम स्वच्छ करायची, सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं मलम लावायचं, वर पुन्हा गॉज, पॅड आणि बँडेज. दुखणं कमी करणारं औषध आधी द्यायचं असतं, आणि ते लागू पडायला वेळ द्यावा लागतो. पण सकाळच्या गर्दीत औषधाचा असर होण्याआधीच ट्रॉली खाटेपाशी पोचायची. म्हणजे बरं करायला आलेल्या हातांनीच त्या पोराला दुखवायचं. दर वेळी ताईच्या डोळ्यांपुढे स्वतःचा मुलगा यायचा. तिसऱ्या आठवड्यात तिने पोराच्या चेहऱ्याकडे बघणं सोडलं आणि हात भराभर चालवायला लागली. नंतर ती खाट दुसरीला देऊन स्वतः दुसरं काम मागून घ्यायला लागली.

१९९२ मध्ये कार्ला जॉइन्सन यांनी परिचारिकांसाठीच्या एका नियतकालिकात या अवस्थेसाठी ‘कम्पॅशन फटीग’ हे शब्द वापरले. आपण त्याला करुणेचा थकवा म्हणतो. मला हे नाव चुकीचं वाटतं, आणि त्याला कारण मेंदूच्या अभ्यासात आहे.

२००४ मध्ये लंडनमध्ये टानिया सिंगर आणि सहकाऱ्यांनी १६ जोडप्यांवर एक प्रयोग केला. बाई स्कॅनरमध्ये, तिचा जोडीदार शेजारी बसलेला. दोघांच्या हाताला विजेचा छोटा झटका देण्याची सोय होती, आणि आता झटका कुणाला बसणार हे बाईला खुणेने कळायचं. झटका तिलाच बसला की वेदनेशी संबंधित अनेक भाग जागे व्हायचे. जोडीदाराला बसणार असेल, तेव्हा कुठे दुखतंय हे नेमकं टिपणारे भाग शांत राहायचे; पण इन्सुला नावाचा आतल्या घडीत दडलेला भाग आणि त्याच्या जोडीचा सिंग्युलेट कॉर्टेक्स, हे दोन्ही वेळा जागे व्हायचे. याच इन्सुलाकडे पोट, छाती, श्वास यांच्या बातम्या सतत पोचत असतात. दुसऱ्याचं दुखणं बघून ‘पोटात कालवलं’ असं आपण म्हणतो, ते शरीराच्या दृष्टीनेही बरंच खरं आहे. ताईच्या पोटात दर ड्रेसिंगला कालवत होतं, आणि अशी ड्रेसिंग्ज तिच्या वाट्याला दिवसभर येत होती.

इथेच एक जुना उपदेश आड येतो. नर्सिंगच्या मुलींना, शिक्षकांना, समुपदेशकांना आपण सांगतो, ‘स्वतःला त्याच्या जागी ठेवून बघा.’ डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञाने १९९७ मध्ये सहकाऱ्यांसह नेमकं हेच तपासलं. एका संकटात सापडलेल्या मुलीची हकीकत काहींना ‘तुम्ही तिच्या जागी असता तर’ असं धरून ऐकायला सांगितली, काहींना ‘तिला काय वाटत असेल’ यावर लक्ष ठेवून. दोन्ही गटांना तिच्याबद्दल कळवळा वाटला. पण पहिल्या गटाला त्याबरोबर स्वतःचाच त्रासही झाला. असा त्रास होणारा माणूस आधी स्वतःची सुटका शोधतो. चेहऱ्याकडे न बघणं, हात भराभर चालवणं, खाट बदलून मागणं ही ती सुटकाच आहे, आणि घरी मुलाच्या रडण्याने कान बंद होणं हासुद्धा तिचाच एक भाग.

मग कळवळा वेगळा कसा? माथ्यू रिकार हे बौद्ध भिक्षू २००७ मध्ये मास्ट्रिख्टच्या प्रयोगशाळेत स्कॅनरमध्ये झोपले. अनाथाश्रमातल्या हाल झालेल्या मुलांची दृश्यं त्यांनी मनात आणली आणि फक्त त्यांचं दुःख आपलंसं करत राहिले. तासाभरात ते पुरते गळून गेले. मग त्यांनी त्याच मुलांबद्दल माया, त्यांचं भलं व्हावं ही इच्छा मनात धरली आणि थकवा ओसरला. एका माणसावरून काही ठरत नाही. म्हणून ओल्गा क्लिमेकी, सिंगर आणि सहकाऱ्यांनी सामान्य स्त्रियांना घेतलं. आधी दुसऱ्याचं दुःख आपलंसं करायचा सराव दिला, तर दुःखाचे व्हिडिओ बघताना त्यांचं मन अधिक खचलं आणि इन्सुला अधिक पेटला. मग त्याच स्त्रियांना मायेचा सराव दिला. व्हिडिओ तसेच दुःखाचे, पण खचलेपण उतरलं, आणि आपुलकीशी, समाधानाशी जोडलेले वेगळेच भाग जागे झाले. थकवतं ते पोटातलं कालवणं. करुणेची वाट मेंदूत निराळी दिसते. अर्थात या सगळ्या बायका प्रयोगशाळेत व्हिडिओ बघत होत्या. त्यांच्यातल्या कुणालाही रोज सकाळी वॉर्डात ट्रॉली ढकलायची नव्हती, हे विसरू नये.

आपलं काय चाललंय हे तपासायला ‘प्रोकॉल’ नावाची ३० वाक्यांची प्रश्नावली वापरतात. मागच्या ३० दिवसांत कोणती गोष्ट किती वेळा वाटली याला १ ते ५ गुण द्यायचे. तिचे तीन वेगळे आकडे निघतात: कामातलं समाधान, हळूहळू साचत गेलेला कामाचा शीण, आणि दुसऱ्याच्या आघाताचा स्वतःला बसलेला चटका. हा चटका ओळखू येतो तो नको असताना डोळ्यांपुढे येणाऱ्या दृश्यांवरून, साध्या आवाजाने दचकण्यावरून, झोप मोडण्यावरून. ही प्रश्नावली रोगाचं निदान करत नाही, पण कुठे बघायचं ते दाखवते. ताईच्या कागदावर समाधान चांगलं होतं, शीण मध्यम होता, आणि चटका वरच्या गटात. काम नकोसं झालं नव्हतं, म्हणून इतके दिवस कुणाला काही कळलं नाही, तिलाही नाही.

वॉर्डातल्या समुपदेशक मॅडमशी तिच्या चार बैठका झाल्या. त्यातून ताईने जे बदललं ते बारीक होतं. स्वतःचा मुलगा डोळ्यांपुढे आला की ती मनात त्या पेशंट मुलाचं नाव घ्यायची. मग एकच प्रश्न: याला आत्ता काय हवंय? उत्तर बहुतेक वेळा साधं असायचं. पुढे काय होणार ते त्याला सांगितलेलं हवं असायचं. मध्ये थांबायला मिळायला हवं असायचं. शेवटचा भिजलेला गॉजचा थर ती त्यालाच ओढू द्यायला लागली. तो दात आवळून, इंच इंच करत ओढायचा. त्यात पाच मिनिटं जास्त जायची, पण किंकाळ्या कमी झाल्या.

त्या पाच मिनिटांवरून मात्र इनचार्ज सिस्टरशी तिचं वाजलं. एका सकाळी सोळा ड्रेसिंग्ज आणि हात चार, अशा हिशेबात पाच मिनिटं कुठून आणायची, हा त्यांचाही प्रश्न खराच होता. मनाचा कुठलाही सराव या हिशेबाला पुरा पडत नाही. शेवटी दोघींनी बसून तक्ता बदलला. लहान मुलांची ड्रेसिंग्ज रांगेत मागे टाकली, त्यांचं औषध राउंडच्या आधीच द्यायला सुरुवात केली, आणि एका सिस्टरकडे सलग दोनपेक्षा जास्त मुलं द्यायची नाहीत असं ठरवलं. तिसरी सिस्टर अजून मिळालेली नाही. तिची मागणी दोघींच्या सहीने वर गेली आहे.