संशोधनातील उणीव कशी शोधावी आणि तिच्यातून संशोधन-प्रश्न कसा उभा करावा
(आमच्या केंद्रात सिनॉप्सिस व प्रबंधाच्या कामासाठी येणाऱ्या संशोधकांकरिता माहितीपत्रक)

आमच्याकडे टायपिंग आणि बाइंडिंगसाठी येणाऱ्या अनेक संशोधकांच्या हातात विद्यापीठाच्या आर.आर.सी.कडून, म्हणजे संशोधन व मान्यता समितीकडून, परत आलेला सिनॉप्सिस असतो आणि त्यावर ‘रिसर्च गॅप स्पष्ट नाही’ एवढाच शेरा असतो. असे सिनॉप्सिस वाचताना एक वाक्य आम्हाला पुन्हा पुन्हा भेटते: ‘या विषयावर आमच्या तालुक्यात आजवर अभ्यास झालेला नाही.’ हे वाक्य बहुधा खरे असते, परंतु ते उणीव दाखवत नाही. इतरत्र मिळालेले उत्तर आपल्या तालुक्यात वेगळे निघण्याचे कारण जोवर मांडले जात नाही, तोवर तालुक्याचे नाव हा केवळ पत्ता असतो. ते कारण कुठे शोधायचे, हे आम्ही एकाच उदाहरणावरून दाखवतो.

उदाहरण गडचिरोलीचे आहे. समाजकार्य विषयाच्या संशोधकाला ‘नवजात बाळाची घरच्या घरी काळजी’ हा विषय घ्यायचा आहे, असे समजू. या विषयावरचा सर्वांत परिचित निबंध डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या ‘सर्च’ संस्थेतील सहकाऱ्यांचा असून तो १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ३९ गावांत प्रशिक्षित ग्राम-आरोग्यसेविकांनी घरोघरी जाऊन बाळांची काळजी घेतली, जंतुसंसर्ग दिसल्यास इंजेक्शनही दिले, आणि तुलनेच्या ४७ गावांच्या मानाने नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. संशोधकाने हा एकच निबंध वाचून ‘अशा अभ्यासाची आमच्या तालुक्यातही गरज आहे’ असे लिहिले, तर त्याचा सिनॉप्सिस परत येईल. एका निबंधातून उणीव दिसत नाही. ती निबंध शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसते.

त्यासाठी एका मोठ्या कागदावर तक्ता आखावा आणि प्रत्येक निबंधाला एक ओळ द्यावी. रकाने विषयानुसार ठरतील, परंतु या विषयासाठी निदान पाच हवेत: काम कोणी केले, नेमके काय केले, बाळंतपण कुठे झाले, काय मोजले आणि काय आढळले. सारांश वाचून तक्ता भरू नये. ‘बाळंतपण कुठे झाले’ हा रकाना सारांशावरून क्वचितच भरता येतो. त्यासाठी निबंधातील पद्धतीचा भाग आणि पहिली सारणी उघडावी लागते. पुढे दिसेल की या उदाहरणातील उणीव नेमकी त्याच रकान्यात दडलेली आहे.

आता ओळी भरू. उत्तर प्रदेशातील शिवगढचा अभ्यास (२००८) सांगतो की कुटुंबांच्या सवयी बदलण्यावर भर देऊन, इंजेक्शन न देता, मृत्युदर ५४ टक्क्यांनी घटला. बांगलादेशातील सिल्हेटमध्ये (२००८) गृहभेटींच्या गटात, जिथे गरजेनुसार इंजेक्शनही दिले जाई, ३४ टक्के घट दिसली. त्याच देशातील मिर्झापूरमध्ये (२०१०) मृत्युदरात फरक दिसला नाही. पाकिस्तानातील हाला येथे (२०११) सरकारी आरोग्यसेविकांमार्फत काम झाले आणि घट सुमारे १५ टक्के होती. हरियाणात (२०१२) काम शासकीय यंत्रणेतूनच झाले. तेथे नवजात मृत्युदरातील एकूण घट ९ टक्क्यांच्या आसपास होती आणि ती सांख्यिकीदृष्ट्या निर्णायक नव्हती.

इतके लिहून झाल्यावर ‘निष्कर्षांत एकवाक्यता नाही’ असे म्हणून थांबण्याचा मोह होतो. येथे थांबू नये, कारण विसंगती ही उणिवेची खूण आहे, स्वतः उणीव नव्हे. कॅरेन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली वैद्यकीय पुराव्यातील उणिवांची चार कारणे सांगितली: माहिती अपुरी किंवा ढोबळ असणे, ती एका बाजूला कललेली असणे, तिच्यात मेळ नसणे, आणि जी माहिती हवी तीच गोळा केलेली नसणे. आपली उणीव यांपैकी कोणत्या कारणाने पडली आहे, हे सिनॉप्सिसमध्ये एका वाक्यात लिहिता आले पाहिजे, कारण उपाय कारणाप्रमाणे बदलतो. माहिती अपुरी असेल तर मोठा नमुना लागतो; मेळ नसेल तर फरक कशामुळे पडला ते शोधावे लागते.

म्हणून तक्त्यातील आकड्यांवरून नजर डावीकडच्या रकान्यांकडे न्यावी आणि प्रत्येक संभाव्य कारण तपासून पाहावे. इंजेक्शनमुळे फरक पडला असेल का? तसे असते तर इंजेक्शनाविना शिवगढमध्ये सिल्हेटहून अधिक घट दिसली नसती. सरकारी यंत्रणा आणि स्वयंसेवी संस्था यांच्यातील फरक असेल का? हे कारण काही अंशी टिकते, कारण हाला आणि हरियाणा दोन्हीकडे काम यंत्रणेमार्फत झाले आणि घट कमी राहिली. तरीही यंत्रणेत नेमके कुठे अडते, हे त्यातून कळत नाही. तिसरे कारण बाळंतपणाच्या ठिकाणाचे. गडचिरोलीत त्या काळी बहुतेक बाळंतपणे घरीच होत. हरियाणाच्या निबंधात तर हा फरक लेखकांनी स्वतःच वेगळा काढला आहे: घरी जन्मलेल्या बाळांत मृत्युदर सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळला, तर दवाखान्यात जन्मलेल्या बाळांत घट आढळली नाही. हा उपगटातील निष्कर्ष आहे, त्यामुळे तो सूचक म्हणूनच वापरावा; परंतु पुढचा प्रश्न कोणत्या दिशेने विचारायचा, हे तो दाखवतो.

येथे स्थानिक माहिती कामाला येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के बाळंतपणे संस्थेत, म्हणजे दवाखान्यात, होतात. म्हणजे ज्या परिस्थितीत गृहभेटींचा मोठा परिणाम सिद्ध झाला, ती परिस्थिती आता आपल्याकडे उरलेली नाही. २०११ पासून देशभर लागू झालेल्या कार्यक्रमात संस्थेत जन्मलेल्या बाळाला आशा कार्यकर्तीने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट द्यायची असते. आई-बाळ साधारण तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून सुटतात आणि पहिली भेटही तिसऱ्याच दिवशी ठरलेली असते, त्यामुळे बाळ घरी आल्याची खबर आशाताईंना त्याच दिवशी मिळणे आवश्यक ठरते. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. गरोदरपणाची नोंद सासरच्या गावच्या आशाताईंकडे असते आणि बाळ मात्र माहेरच्या गावी असते. विदर्भात उत्तर वेगळे निघू शकेल असे म्हणण्याला हा ठोस आधार आहे, कारण ज्या दुव्यातून सेवा पोहोचते तो दुवाच येथे दोन गावांत विभागला जातो.

रिकामा रकाना सापडला की तो खरोखर रिकामा आहे की आपल्या शोधात तेवढा रिकामा राहिला, हे तपासावे. ‘माहेर’ या कल्पनेला इंग्रजी निबंधांत निरनिराळी नावे आहेत. पबमेडमध्ये पुढीलप्रमाणे शोध घेऊन पाहावा:

```
("newborn care" OR "postnatal care") AND India
AND ("natal home" OR "temporary childbirth migration")
```

दुसऱ्या नावाने शोधल्यावर बाळंतपणासाठीच्या तात्पुरत्या स्थलांतरावर भारतात अभ्यास झालेले आढळतात. आमच्याकडे येणारे काही संशोधक अशा वेळी खचतात किंवा ते निबंध दृष्टीआड करतात. दोन्ही चुकीचे आहे. ते निबंध तक्त्यात घ्यावेत, त्यांनी काय मोजले आहे ते पाहावे आणि आपली उणीव तेवढी अरुंद करून घ्यावी. ‘माहेरच्या बाळंतपणावर अभ्यास नाही’ हे विधान आता करता येणार नाही. आशाताईंपर्यंत खबर पोहोचायला किती दिवस लागतात आणि पहिल्या भेटीवर त्याचा काय परिणाम होतो, हे त्यांत कुणी मोजले आहे का, एवढेच तपासायचे उरते. ते कुणी मोजलेले नसेल, तर उणीव सापडली.

यानंतर प्रश्न लिहावा, आणि तो असा: ‘शासकीय संस्थेत साधी प्रसूती होऊन माहेरी गेलेल्या आणि सासरी परतलेल्या पहिलटकरणींच्या बाळांना, जन्मापासून सात दिवसांच्या आत आशा कार्यकर्तीची किमान एक गृहभेट मिळण्याच्या प्रमाणात फरक आहे का, आणि असल्यास, बाळ घरी आल्याची खबर मिळण्यातील विलंबाशी तो जोडलेला आहे का?’

या प्रश्नातील प्रत्येक शब्दाचे उत्तर संशोधकाकडे असले पाहिजे. ‘पहिलटकरीण’ कशासाठी? माहेरी जाणाऱ्यांत पहिलटकरणीच अधिक असतात. सर्व बाळंतिणी घेतल्या, तर दिसलेला फरक माहेरचा की पहिलेपणाचा, हे सांगता येणार नाही. ‘साधी प्रसूती’ कशासाठी? सिझेरियननंतर मुक्काम लांबतो आणि पहिली भेट आपोआप पुढे जाते. ‘मृत्युदर’ का नाही? कारण नवजात मृत्यू हजारी २५ धरले, तरी तीनशे बाळांत सात-आठ मृत्यू येतील आणि दोन गटांत विभागल्यावर त्यांवरून काहीही ठरवता येणार नाही. गडचिरोलीच्या निबंधामुळे भारावून मृत्युदर मोजायला निघालेल्या एकट्या संशोधकाची फसगत येथेच होते. भेटीचे प्रमाण मात्र मोजता येते. एका गटात ६० आणि दुसऱ्यात ४० टक्के असा फरक ओळखायचा असेल, तर प्रत्येक गटात सुमारे शंभर बाळंतिणी पुरतात. एकाच गावातील अनेकजणी घेतल्यास ही संख्या वाढवावी लागते. भेट झाली की नाही, हे आशाताईंची नोंद आणि आईचे सांगणे या दोन्हींवरून घ्यावे आणि त्यांत मेळ नसल्यास तसे नोंदवावे.

समर्थनाचा परिच्छेद लिहिताना क्रम उलटू नये. आधी काय सिद्ध झाले आहे, मग ते कोणत्या परिस्थितीत सिद्ध झाले, मग आपल्याकडील परिस्थिती कोणत्या एका बाबतीत वेगळी आहे, आणि शेवटी त्या बाबीमुळे कोणाचा कोणता निर्णय अडला आहे. येथे तो निर्णय तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचा आहे: प्रसूतीनंतर सुटी देताना परिचारिकेने माहेरच्या गावच्या आशाताईंना फोन करावा की नाही. फरक आढळला तर फोनची व्यवस्था सुचवता येईल; फरक आढळला नाही तर अडचण अन्यत्र आहे असे कळेल. या अभ्यासातून बाळे वाचतील की नाही हे ठरणार नाही, आणि तसा दावा सिनॉप्सिसमध्ये करू नये.

आमच्याकडे प्रथम येताना निवडलेले निबंध पूर्ण स्वरूपात आणावेत, शक्यतो दहा ते पंधरा, आणि तक्त्याचा कच्चा कागद सोबत असावा. तक्ता आम्ही भरून देत नाही, कारण तो भरतानाच संशोधकाला प्रश्न सापडतो. भरलेला तक्ता मात्र आम्ही आपल्यासोबत बसून ओळीने वाचतो, आणि त्यासाठी वेगळे शुल्क घेत नाही.