मानार्थी द्वितीय पुरुष (कार्यालयीन संदेश)

वरिष्ठ सहकाऱ्याला संदेश लिहिताना ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतील योग्य सर्वनाम निवडणे आणि त्याला साजेशी क्रियापदाची रूपे वापरणे, असा या नोंदीचा विषय आहे. सातारा-सांगली भागातील कार्यालयांत हा प्रश्न बहुधा एका ठरावीक प्रसंगी येतो. बरोबरीच्या सहकाऱ्याला मोबाईलवर घाईत लिहिलेली टिपणी साहेबांना किंवा मॅडमना पाठवायची ठरते आणि ती पुन्हा लिहावी लागते. अशा वेळी सर्वनाम बदलले की काम झाले असे वाटते. मराठीत मात्र आदर सर्वनामापेक्षा क्रियापदाच्या शेवटात अधिक असतो.

मराठी वाक्यात कर्ता गाळता येतो, त्यामुळे टिपणीत ‘तू’ हा शब्द एकदाही नसला तरी तूकार जागोजागी असू शकतो. ‘बघितलास का’, ‘येतोयस ना’, ‘विसरू नकोस’, ‘पाठवशील’, ‘कळव’ या पाचही रूपांत तो आहे. म्हणून पुनर्लेखनाची सुरुवात सर्वनाम शोधण्यापासून न करता प्रत्येक वाक्याचे शेवटचे क्रियापद पाहण्यापासून करावी. शेवटी ‘स’ दिसला (बघितलास, नकोस, नाहीस, होतास), ‘शील’ दिसले किंवा आज्ञार्थात नुसता धातू दिसला (कळव, दे, घे, ये), तर ते रूप बदलावे लागते. त्यांच्या जागी अनुक्रमे बघितलात, नका, नाही, होता, पाठवाल, कळवा, द्या, घ्या, या अशी रूपे येतात. ‘जा’ मात्र दोन्हीकडे सारखेच राहते. ‘अरे’, ‘रे’, ‘अगं’ हे शब्द काढून टाकावेत. या भागात बोलताना सहज येणारा ‘की’ही (‘बघा की’, ‘पाठवा की’) काढावा. समोरासमोर तो आपुलकीचा वाटतो, पण लिहिल्यावर आवाज सोबत नसल्याने त्यातला आग्रह तेवढा उरतो.

सर्वांत जास्त दिसणारी चूक अर्धवट बदलाची असते. ‘तुम्ही मसुदा बघितलास का?’ या वाक्यात सर्वनाम बदलले आणि क्रियापद तसेच राहिले. सरळ तूकारापेक्षाही हे वाक्य कानाला जास्त खटकते, कारण लिहिणाऱ्याने आदर वरून चिकटवल्याचे त्यात दिसते.

‘तुम्ही’ की ‘आपण’? या दोन जिल्ह्यांच्या बोलण्यात आदरासाठी ‘तुम्ही’च रुळलेला आहे. साहेबांना तोंडाने ‘तुम्ही’ म्हणणाऱ्याने संदेशात अचानक ‘आपण’ लिहिले, तर ते शासकीय पत्रासारखे वाटते. ‘आपणास कळविण्यात येते की’ आणि ‘आपला विश्वासू’ या चौकटी पत्रात शोभतात. रोजच्या संदेशाला ‘तुम्ही’ पुरेसा आदरार्थी आहे.

‘आपण’ टाळण्याचे दुसरे कारण अधिक गंभीर आहे. संदेशात या शब्दाचे दोन अर्थ निघू शकतात : समोरची आदरणीय व्यक्ती, आणि ‘मी व तुम्ही मिळून’. वर्तमान आणि भविष्यकाळात क्रियापद हे अर्थ वेगळे करते. ‘आपण याल’ म्हणजे तुम्ही, ‘आपण येऊ’ म्हणजे दोघे. ‘आपण आलात’ आणि ‘आपण आलो’ यांतही शंका राहत नाही. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात मात्र क्रियापद कर्माप्रमाणे चालते आणि खूण नाहीशी होते. ‘आपण काल मसुदा तपासला’ या वाक्यात मसुदा कोणी तपासला हे कळत नाही. आकडा चुकलेला असेल, तर चूक एकाची की दोघांची यावरच गैरसमज होतो. ‘आपण मसुदा तपासलात’ असे ‘त’ लावून लिहिले की अर्थ पक्का होतो. ‘आपल्याला अहवाल द्यायचा आहे’ हे वाक्यही असेच दुहेरी आहे. तेथे प्रत्ययाची मदत मिळत नाही, म्हणून ‘तुम्हाला’ किंवा ‘आपल्या दोघांना’ असे स्पष्ट लिहावे.

एक उदाहरण घेऊ. तालुक्याच्या कार्यालयातील कनिष्ठ अभियंत्याने मित्रासाठी लिहिलेली टिपणी अशी आहे : ‘अरे, पाणीपुरवठ्याचा मसुदा बघितलास का? दुसऱ्या पानावर बेरीज चुकवलीयस. नीट करून दे, उद्या साताऱ्याला न्यायचाय. विसरू नकोस.’ आता ती मसुदा तयार करणाऱ्या लेखाधिकाऱ्यांना पाठवायची आहे.

फक्त रूपे बदलली तर असे होते : ‘साहेब, पाणीपुरवठ्याचा मसुदा बघितलात का? दुसऱ्या पानावर बेरीज चुकवली आहेत. नीट करून द्या, उद्या साताऱ्याला न्यायचा आहे. विसरू नका.’ व्याकरणात दोष नाही, पण तीन जागा अजून अडतात. ‘चुकवली आहेत’ हे चूक थेट साहेबांच्या पदरात टाकते. ‘करून द्या’ हा आदरार्थी असला तरी हुकूमच आहे. ‘विसरू नका’मध्ये वरिष्ठ विसरतील हे गृहीत धरले आहे.

दुसऱ्या फेरीत कर्ता व्यक्तीऐवजी वस्तू करावी आणि हुकमाच्या जागी शक्यता विचारावी : ‘नमस्कार साहेब. पाणीपुरवठ्याच्या मसुद्यात दुसऱ्या पानावरची बेरीज जुळत नाही. मी दोनदा करून पाहिली. मसुदा उद्या सकाळी साताऱ्याला न्यायचा आहे. आज पाचपर्यंत एकदा पाहता येईल का?’ या संदेशात ‘तुम्ही’ किंवा ‘आपण’ एकदाही आलेले नाही, तरी आदर पूर्ण आहे. ‘विसरू नका’चे काम पाच वाजताच्या मुदतीने केले आहे. ‘येईल का’ ही रचना सर्वनामाचा पेच मुळातच टाळते, त्यामुळे शंका असेल तेथे ती सर्वांत सुरक्षित ठरते.

‘पाठवावे’, ‘करावे’ ही विध्यर्थी रूपे नम्र समजून वापरली जातात, पण जपून वापरावीत. ‘माहिती तातडीने सादर करावी’ हे वरून खाली येणाऱ्या आदेशाचे वाक्य आहे, आणि खालून वर गेले तर नोटीस वाटते. ‘कृपया’ जोडल्याने धार कमी होते, नाहीशी होत नाही. वापरायचेच असेल, तर क्रियापद कर्माशी जुळवावे : मसुदा पाठवावा, माहिती पाठवावी, पत्र पाठवावे, कागद पाठवावेत. ‘माहिती पाठवावे’ ही या जागची नेहमीची चूक आहे.

आदर तृतीय पुरुषातही सांभाळावा लागतो. संदेशात दुसऱ्या वरिष्ठांचा उल्लेख असेल, तर ‘साहेब आले’, ‘मॅडम आल्या’ असे अनेकवचन येते. ‘मॅडम आली होती’ हे वाक्य गटातल्या सर्वांसमोर खटकते.

शाळेपासूनचा मित्रच वरिष्ठ झाला असेल, तर दोघांत ‘तू’ चालू ठेवायला हरकत नाही. कार्यालयाच्या गटात मात्र त्याला ‘साहेब’ आणि ‘तुम्ही’ लिहावे, आणि एका संदेशात एकच रूप शेवटपर्यंत ठेवावे. ‘दादा’, ‘अण्णा’, ‘आबा’ ही संबोधने या भागात ‘तुम्ही’सोबत आदराचीच आहेत. तरीही गटात त्यांतून जवळीक दिसते आणि जो त्या नात्यात नाही, त्याला ती परकेपणाची जाणीव करून देते. तेथे पदाचे किंवा आडनावाचे संबोधन बरे.