फुफाट्याचे रस्ते आणि तुमच्या डिझेल गाडीचा एअर फिल्टर
(आमच्या गॅरेजच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

ऊसतोड सुरू झाली की फलटणच्या आसपासच्या रस्त्यांवर फुफाटा उडायला लागतो, आणि आमच्याकडे एकाच तक्रारीच्या गाड्या येऊ लागतात. गाडी ओढत नाही, रेस दिली की मागून काळा धूर निघतो आणि मीटरमध्ये इंजिनचा पिवळा दिवा लागतो. ग्राहक येतो तो बहुतेक वेळा घाबरलेला असतो, कारण कुणीतरी त्याला आधीच "टर्बो गेला" असं सांगितलेलं असतं. टर्बो खरोखर जातोही. पण त्या निष्कर्षाला येण्याआधी चार क्लिपा काढून फिल्टरचा डबा उघडून बघायला हवा. हे पत्रक त्या डब्याबद्दल आहे.

डिझेलला हवा किती लागते

एक लिटर डिझेल पुरतं जळायला साधारण बारा किलो हवा लागते, म्हणजे सुमारे दहा हजार लिटर. ही झाली कमीत कमी. डिझेल इंजिन नेहमी याहून बरीच जास्त हवा घेऊन चालतं, म्हणून तर चांगल्या गाडीचा धूर दिसत नाही. एवढी हवा त्या कागदाच्या घड्यांमधून जाते. मुरमाच्या रस्त्यावर समोर ट्रॉली चालली असेल, तर त्या हवेबरोबर येणारी धूळ साध्या डांबरी रस्त्यापेक्षा कितीतरी पट असते. म्हणूनच एकाच दिवशी फिल्टर बदललेल्या दोन गाड्यांपैकी एकीचा वर्षभर टिकतो आणि दुसरीचा तीन महिन्यांत भरतो.

फिल्टर भरला की इंजिनाला हवा ओढायला जोर लावावा लागतो. टर्बो आत आलेली हवा दुपटीच्या आसपास दाबतो, त्यामुळे फिल्टरपाशी झालेली तूट पुढे जाताना तीही जवळपास दुप्पट होते. ती भरून काढायला टर्बो जास्त वेगाने फिरतो. जोवर त्याला जमतं तोवर तुम्हाला काहीच जाणवत नाही. ज्या दिवशी चढावर भरलेली गाडी असते आणि टर्बोची मर्यादा संपते, त्या दिवशी सगळं एकदम कळतं. ग्राहक म्हणतो, "काल तर बरी होती." बरी नव्हती, टर्बो सांभाळून घेत होता.

जुन्या, साध्या पंपाच्या गाडीत हवा किती येते हे मोजणारं काही नसतं. हवा कमी झाली तरी पायाखाली जेवढी रेस तेवढं डिझेल जातंच, आणि न जळलेला भाग काजळी होऊन धुराड्यातून बाहेर पडतो. नव्या कॉमन रेलच्या गाडीत फिल्टरनंतर हवा मोजणारा सेन्सर असतो. हवा कमी दिसली की संगणक डिझेल कमी करतो, म्हणून तिथे आधी ताकद जाते. एकदम रेस दाबली की क्षणभर काळा लोट येतो. मागितलेला दाब आणि मिळालेला दाब यांत फरक राहिला की दिवा लागतो.

मोगराळे घाटातली पिकअप

मागच्या हंगामातलं एक काम सविस्तर सांगतो. अडीच लिटरची, बीएस-४ पिकअप. फलटणहून पशुखाद्य भरून मोगराळे घाटाने दहिवडीकडे जायची आणि तिथून आतल्या वस्त्यांवर, म्हणजे निम्मा रस्ता मुरमाचा. घाटात जिथे तिसरा गिअर पुरायचा तिथे दुसरा टाकावा लागू लागला. मग दिवा लागला. एका ठिकाणी स्कॅनर लावून दिवा घालवून दिला, तो दोन दिवसांनी परत आला. दुसऱ्या वेळी टर्बो बदलायला सांगितलं.

आमच्याकडे स्कॅनरवर दोन कोड दिसले: `P0101` आणि `P0299`. पहिला सांगतो की हवा मोजणाऱ्या सेन्सरचं माप पटत नाही, दुसरा सांगतो की टर्बोचा दाब कमी पडतोय. यांतला एकही कोड "सेन्सर बदला" किंवा "टर्बो बदला" असं म्हणत नाही. कोड तक्रार सांगतो, तिचं कारण आपल्याला शोधावं लागतं.

आम्ही पारदर्शक नळीत रंगीत पाणी भरून ती इंग्रजी यू अक्षरासारखी उभी बांधली आणि तिचं एक टोक फिल्टरनंतरच्या पाइपला जोडलं. भरलेली गाडी चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेसवर चालवली. पाण्याच्या दोन पातळ्यांत ७१ सेंटिमीटरचा फरक आला. मोठ्या टर्बो डिझेल इंजिनांसाठी २५ इंच, म्हणजे सुमारे ६३ सेंटिमीटर, ही फिल्टर बदलायची नेहमीची मर्यादा मानतात. ही गाडी लहान असूनही ती ओलांडून गेली होती. ट्रॅक्टर आणि ट्रकच्या फिल्टरवर जी लाल पट्टी वर येते, तीही हेच मोजत असते.

डबा उघडल्यावर खरी गोष्ट दिसली. फिल्टर सहा हजार किलोमीटरपूर्वीच बदललेला होता आणि मालक दर आठवड्याला पंक्चरच्या दुकानात हवा मारून आणत होते. बाहेरच्या बाजूच्या घड्या धुळीने इतक्या बसल्या होत्या की कागद दिसत नव्हता. फिल्टर गोल होता, आत बॅटरी धरली तेव्हा एका घडीतून उजेडाचा बारीक ठिपका आला. कागद फाटला होता. म्हणजे बहुतेक फिल्टर बंद, आणि जिथे फाटला तिथून धूळ थेट आत. सेन्सरच्या नाजूक तारेवर तीच धूळ बसली होती, म्हणून मापही चुकत होतं.

नवा फिल्टर बसवला. डबा ओल्या फडक्याने पुसला, कारण कोरडा झटकला तर धूळ पाइपात जाते. सेन्सर त्याच्याच स्प्रेने धुऊन वाळवला, पाइपच्या क्लिपा आवळल्या आणि मगच कोड पुसले. त्याच चढावर पाण्याचा फरक २२ सेंटिमीटर आला. टर्बोच्या तोंडाची पाती तपासली, धार झिजलेली नव्हती. टर्बो तोच राहिला. पण आणखी एक-दोन हंगाम अशीच गाडी चालली असती तर तो राहिला नसता. बारीक वाळू पात्यांच्या कडा खाते, तीच पुढे पिस्टन रिंगा आणि सिलिंडर घासते, आणि मग गाडी ऑइल खायला लागते. ती झीज भरून येत नाही.

हवा मारण्याबद्दल

चांगल्या हेतूने केलेलं नुकसान आम्हाला सर्वांत जास्त इथेच दिसतं. टायरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरमध्ये ८ बारच्या आसपास, म्हणजे सव्वाशे पौंडांच्या जवळपास दाब असतो. फिल्टरच्या कागदाला २ बार, सुमारे ३० पौंड, याहून जास्त दाब सोसत नाही. नोझल जवळ धरून बाहेरून हवा मारली तर धूळ कागदात आणखी रुतते, आतून जोरात मारली तर कागद फाटतो. मारायचीच असेल तर दाब कमी करून, वीतभर अंतरावरून, स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे. त्यानंतर आत बॅटरी धरून उजेडाचा ठिपका येतो का ते बघा. आमचं मत विचाराल तर दोनदा साफ केलेला फिल्टर तिसऱ्यांदा साफ करू नका, बदला.

फिल्टर टायरवर आपटू नका, कडा वाकते आणि रबर नीट बसत नाही. कागदी फिल्टर पाण्याने किंवा पेट्रोलने धुऊ नका. आणि दर आठवड्याला डबा उघडूही नका. हे पुष्कळांना उलटं वाटतं, पण कागदावर बसलेला धुळीचा पातळ थर स्वतःच बारीक धूळ अडवतो. फिल्टर नवाकोरा असतो तेव्हा त्यातून सर्वांत जास्त धूळ जाते. शिवाय प्रत्येक वेळी डबा उघडताना थोडी माती स्वच्छ बाजूला पडतेच. रोज मुरमावर चालणाऱ्या पिकअपचा फिल्टर आम्ही ५,००० किलोमीटरला बघतो आणि बहुतेक वेळा १०,००० च्या आत बदलतो. डांबरी रस्त्यावरच्या गाडीला कंपनीच्या पुस्तकातला आकडा पाळा.

फिल्टर काढून "जरा पळवून बघू" हे मात्र कधीच करू नका, एका फेरीपुरतंही नाही.

दोष फिल्टरचा नसेल तर काय

तीच तीन लक्षणं दुसऱ्या कारणांनीही येतात. टर्बोपासून इंटरकूलरला जाणारी होज फाटली किंवा निसटली तरी ताकद जाते, धूर येतो आणि दिवा लागतो. मात्र त्यात रेस देताना बॉनेटखालून फुसफुस आवाज येतो आणि होजच्या जोडाला तेलकट ओल दिसते. धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने उघडा अडकला तर धूर जागेवरही, कमी रेसला येतो. भरलेल्या फिल्टरचं लक्षण असं, की रिकाम्या गाडीत सपाटीवर फारसं जाणवत नाही आणि भरल्या गाडीत चढावर जाणवतं. निळा धूर ऑइलचा असतो, त्याचा या पत्रकाशी संबंध नाही. तो दिसला तर गाडी लवकर दाखवा.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीत काळा धूर शोधू नका. तिच्या सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर, डीपीएफ, तो धूर आतच धरून ठेवतो. तिथे हवा कमी पडली की डीपीएफ लवकर भरतो आणि त्याचा दिवा वारंवार लागतो. असा दिवा येत असेल तर डीपीएफ साफ करण्याआधी एअर फिल्टर बघून घ्या, नाहीतर थोड्याच दिवसांत तेच काम परत निघेल. आणि बीएस-६ डिझेल गाडीतून उघड काळा धूर येत असेल, तर डीपीएफ फुटलेला आहे किंवा कुणीतरी काढून टाकलेला आहे.

रस्त्यात पिवळा दिवा लागला तर रेस कमी ठेवून, माल जास्त असल्यास थोडा उतरवून, गाडी हळू आणता येते. त्याच्या जोडीला ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा आला तर इंजिन तिथेच बंद करा आणि आम्हाला फोन करा. फुफाट्यात पुढच्या गाडीची धूळ खाली बसेल इतकं अंतर ठेवून चाला. तांड्यात तिसऱ्या-चौथ्या नंबरची गाडी पुढच्या सगळ्यांची धूळ खाते.

आमच्याकडे येताना दोन गोष्टी कराव्यात. दिवा बाहेर कुठे पुसून आणू नका, कारण कोडबरोबर त्या क्षणाचा वेग, रेस आणि लोड यांची नोंदही पुसली जाते आणि आम्हाला तीच हवी असते. आणि वाटेत फिल्टर बदलला असेल तर जुना फेकू नका, पिशवीत घालून घेऊन या.