हेलो नीव्हस : तिळाभोवतीचं पांढरं कडं

हेलो नीव्हस म्हणजे अंगावरच्या साध्या तपकिरी तिळाभोवती पडलेलं गोल पांढरं कडं, चंद्राला खळं पडतं ना तसं. मधे तीळ, भोवती सगळीकडून जवळपास सारख्याच रुंदीचा फिकट पट्टा आणि त्याच्या बाहेर नेहमीची कातडी. बऱ्याचदा हे पाठीवर असतं, त्यामुळे ज्याच्या अंगावर आहे त्याला पत्ताच नसतो, दुसऱ्याच कुणाला तरी आधी दिसतं. शाळा-कॉलेजच्या वयात जास्त, साधारण पंधराच्या आसपास. शंभरात एखाद्याला होतं असं धरतात, म्हणजे फार दुर्मिळ नाही. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ रिचर्ड सटन यांनी १९१६ मधे याचं वर्णन केलं म्हणून सटन नीव्हस असंही नाव आहे.

पुण्यात हे एप्रिल-मे मधे जास्त लक्षात येतं आणि त्याला कारण आहे. सुट्टी लागली की पोरं टिळक टँकवर नाहीतर सोसायटीच्या टँकमधे पोहायला जातात, महिनाभरात पाठ चांगली रापते, पण कड्याची जागा रापत नाही कारण तिथे रंग बनवणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतात, मग आजूबाजूचं काळं झालं की ते पांढरं एकदम उठून दिसतं. कडं आधीपासूनच असतं, पण घरच्यांना वाटतं की टँकच्या क्लोरीनने झालं. क्लोरीनचा इथे काही संबंध नाही.

आणि मग घरात दोन शब्द एकदम येतात, कोड आणि कॅन्सर. दोन्ही भीती समजण्यासारख्या आहेत, आपल्याकडे पांढऱ्या डागावरून लग्नापर्यंत बोलणी जातात आणि तिळात बदल झाला की डॉक्टरला दाखवा हे सगळ्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं. पण कडं नेमकं कशामुळे पडतं ते कळलं की यातली बरीचशी भीती कमी होते.

तीळ म्हणजे रंग बनवणाऱ्या पेशींचा एका जागी जमलेला पुंजका. कधीतरी शरीराची रोगप्रतिकारशक्ती या पुंजक्याला ओळखते आणि त्याच्यावर चालून जाते, का आणि त्याच तिळावर का हे दरवेळी सांगता येत नाही. यात मुख्य काम करतात त्या टी पेशी, त्यातही सीडी८ नावाच्या, म्हणजे एरवी व्हायरस शिरलेल्या पेशी शोधून मारतात त्याच. त्या तिळाच्या चारी बाजूंनी आणि आतही दाटीने जमतात आणि तिळातल्या पेशी एकेक करून संपवायला लागतात. आता गंमत अशी की तिळातल्या पेशी आणि शेजारच्या चांगल्या कातडीतल्या रंगपेशी एकाच कुळातल्या, दोघींच्या अंगावर ओळखीच्या खुणा बऱ्याचशा सारख्याच, त्यामुळे या मोहिमेत शेजारच्याही मारल्या जातात. तोच तो पांढरा पट्टा. म्हणजे तीळ पसरतोय म्हणून कडं पडत नाही, बहुतेक वेळा तीळ संपवला जातोय म्हणून पडतं. अशा कड्याला आश्वासक म्हणतात ते यासाठी. आणि ही मोहीम एकसारखी सगळ्या दिशांनी पसरते म्हणून कडंही एकसारखं गोल असतं, हे पुढे उपयोगी पडणार आहे.

एक नेहमीसारखी केस घेऊ. कोथरूडचा चौदा वर्षांचा मुलगा, आईला मे महिन्यात त्याच्या पाठीवर कडं दिसलं. आजी म्हणाली हे कोडच, काकू म्हणाली शिबं असेल, सहा महिन्यांपूर्वी काढलेला एक फोटो मोबाईलमधे सापडला त्यात तीळ होता पण कडं फारसं दिसत नव्हतं. स्किनच्या डॉक्टरांकडे गेले. मधला तीळ साधारण ५ मिमी, एकसारखा तपकिरी, कडा सरळ. कड्यासकट सगळं मिळून २ सेमीच्या आसपास. खाज नाही, दुखत नाही, खपली नाही. डॉक्टरांनी आधी तिळावर डर्मोस्कोप ठेवला, म्हणजे प्रकाश असलेलं भिंग, त्यात तिळाच्या आतली नक्षी दिसते, इथे सगळीकडे सारखे गोलगोल दाणे होते, वेडेवाकडे पट्टे किंवा निळसर-काळे ठिपके नव्हते. मग खोलीत अंधार करून वूड्स लॅम्प मारला, त्यात रंगपेशी नसलेली जागा पांढरीशुभ्र चमकते, म्हणजे कड्याची खरी हद्द कळते आणि मुख्य म्हणजे अंगावर आणखी कुठे असे डाग लपलेत का तेही कळतं. मग मुलाला शर्ट काढायला लावून पाठ, पोट, पाय, तळवे, नखं सगळं बघितलं. कापूस फिरवून पांढऱ्या भागात स्पर्श कळतो का ते बघितलं, कारण आपल्याकडे फिकट डाग दिसला की कुष्ठाचा विचार सोडून देता येत नाही आणि त्या डागात बऱ्याचदा बधिरपणा असतो. इथे स्पर्श पूर्ण होता. शिबं असती तर बारीक कोंडा असता आणि बरोबर मधोमध तीळ असण्याचं कारण नव्हतं.

निष्कर्ष : हेलो नीव्हस, काहीही करायचं नाही. शेजारी पट्टी धरून फोटो काढून ठेवा, तीन-चार महिन्यांनी पुन्हा तसाच काढा, एवढंच. आईला वाटलं निदान एखादं मलम तरी लिहून देतील, पण खरंच गरज नसते. दुसऱ्या वर्षी तिळाचा तपकिरी रंग जाऊन तो गुलाबीसर झाला होता, मग सपाट होत होत गेला आणि शेवटी नुसता पांढरा गोल राहिला. त्यानंतर काही वर्षांनी गोलाच्या आतून, केसांच्या मुळांपासून आणि कडेने बारीक तपकिरी ठिपके यायला लागले, म्हणजे रंग परतायला लागला. हा नेहमीचा क्रम : तीळ आणि कडं, फिकट तीळ, नुसतं कडं, मग रंग भरणं. प्रत्येकात हा पूर्ण होतोच असं नाही, कुणाचा तीळ तसाच राहतो आणि कुणाचं कडं दहा वर्षंही जात नाही, त्यात काळजीचं काही नाही.

आता कोडाचं. हेलो नीव्हस आणि कोड हे एकच नाही, पण नातं आहे, कोडातही शरीर स्वतःच्या रंगपेशींवरच उठलेलं असतं. एकच कडं, घरात कुणाला कोड नाही, बाकी अंगावर डाग नाही, तर ती गोष्ट तिथेच संपते असं बहुतेकांच्या बाबतीत होतं. पण एकदम पाच-सहा तिळांभोवती कडी पडली, घरात कोडाचा इतिहास आहे, किंवा खरचटलेल्या जागी पांढरं उमटतंय, तर कोड होण्याची शक्यता जास्त असते आणि लक्ष ठेवावं लागतं. अनेक कडी असणं मात्र आपोआप वाईट नाही, हेलो नीव्हस असलेल्यांत बऱ्याच जणांना एकापेक्षा जास्त असतातच.

कॅन्सरबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवायची की बघायचं ते मधल्या तिळाकडे, कड्याकडे नंतर. मेलानोमा म्हणजे तिळाच्या पेशींचा कॅन्सर, त्याच्यावरही शरीर असंच चालून जाऊ शकतं आणि त्याच्याभोवतीही फिकटपणा येऊ शकतो, पण तो बहुधा अर्धवट, एकाच बाजूला, वेडावाकडा असतो, आणि मधला तीळही वेडावाकडा, दोन-तीन रंगांचा, वाढणारा, कधी रक्त येणारा. एकसारखं गोल कडं आणि मधे साधा छोटा तीळ ही जोडी असेल तर हिशोब वेगळा. तीळ कड्याच्या बरोबर मधे नसेल, एका कोपऱ्यात असेल, तर ते पुन्हा नीट बघून घ्यावं.

वयाने मात्र चित्र बदलतं. चौदाव्या वर्षी जे आश्वासक ते पन्नाशीत तितकं नाही. समजा बावन्न वर्षांच्या माणसाला पहिल्यांदाच असं कडं पडलं, तर प्रश्न फक्त त्या तिळाचा राहत नाही, कारण शरीरात दुसरीकडे कुठे मेलानोमा असला तर त्याच्यावर जागं झालेलं शरीर या साध्या तिळालाही टिपू शकतं. म्हणून डॉक्टर आधी कधी तीळ काढलाय का विचारतात, अंगभर बघतात, डोळे तपासायला पाठवू शकतात कारण डोळ्याच्या आतही मेलानोमा होतो, आणि आपल्या लोकांत तळपाय आणि नखाखालची जागा न चुकता बघतात कारण सावळ्या कातडीत हा कॅन्सर मुळात कमी पण होतो तेव्हा बऱ्याचदा तिथे होतो, पाठीवर नाही. कॅन्सरसाठी इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडणारी औषधं, चालू असेल तर तेही सांगायचं, त्या औषधांनी अशी कडी पडू शकतात. बहुतेक वेळा काही निघत नाही, पण बघितल्याशिवाय सोडायचं नाही.

न करायच्या गोष्टींत पहिली म्हणजे बावचीचं तेल लावून उन्हात बसणं. घरोघर हा सल्ला कुणीतरी देतंच, आणि बावचीवर ऊन पडलं की कातडी भाजून फोड येतात, पांढऱ्या जागी तर जास्तच कारण तिला रंगाचं संरक्षणच नाही. त्याच कारणासाठी उघड्या जागी कडं असेल तर उन्हात जाताना एसपीएफ ३० चं सनस्क्रीन लावायचं नाहीतर कपड्याने झाकायचं. दुसरी गोष्ट, पार्लरमधे किंवा चुना-ॲसिड लावून तीळ जाळून घेणं. तीळ जळाला की तपासायला काहीच उरत नाही आणि उद्या शंका आली तर उत्तर मिळत नाही, शिवाय तीळ गेला म्हणून कडं लगेच जातं असंही नाही.

तीळ खरंच शंकास्पद वाटला तर तो पूर्ण काढून पॅथॉलॉजीला पाठवतात, वरवर खरवडून नाही. इथे एक बारकावा आहे. हेलो नीव्हसमधे टी पेशींची इतकी गर्दी असते की मार खाल्लेल्या तिळाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली जरा विचित्र दिसतात, आणि कडं होतं हे पॅथॉलॉजिस्टला माहीतच नसेल तर साध्या तिळावर नको ती शंका घेतली जाऊ शकते. त्यामुळे फॉर्मवर पेशंटचं वय आणि तिळाभोवती पांढरं कडं होतं हे लिहिलेलं हवं, सोबत काढण्याआधीचा फोटो जोडलेला आणखी चांगला.